आधी स्कॅन, मग fixmbr

> अँटीव्हायरस रोज तोच व्हायरस काढतो, रीस्टार्ट केलं की परत हजर!

तो बहुधा डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटच्या सेक्टरमध्ये, म्हणजे एमबीआरमध्ये बसलाय. विंडोजच्या आधी तोच चालू होतो आणि अँटीव्हायरसला स्वच्छ सेक्टर दाखवून चकवतो. म्हणून दुसऱ्या, स्वच्छ मशीनवर बूटेबल स्कॅन पेनड्राइव्ह बनवा, त्यावरून बूट करून बूट सेक्टरसकट सगळं स्कॅन करा. नंतर विंडोजच्या इन्स्टॉल डिस्कवरून बूट करून Shift+F10 दाबा आणि हे चालवा:

```
bootrec /fixmbr
```

यात फक्त बूट कोड बदलतो, पार्टिशन टेबल, म्हणजे डिस्कचे भाग कुठे आहेत याची नोंद, तसंच राहतं. टेबलच उडालं असेल तर डिस्क रिकामी दिसते (माझी दिसली होती, घामच फुटला). तेव्हा फॉरमॅट करू नका, टेस्टडिस्क या प्रोग्रामने पार्टिशन शोधा. एमबीआरऐवजी जीपीटी या नव्या पद्धतीचं पार्टिशन टेबल असलेली डिस्क यूईएफआय या नव्या बूट पद्धतीवर चालत असेल तर मात्र fixmbr निरुपयोगी.