मदत हवी आहे: हिशेबपट्टीचा फोटो मॉडेलला लिंकने द्यावा की बेस६४ करून?

नमस्कार. पुण्यातील मार्केट यार्डातल्या एका आडत्यासाठी आम्ही हिशेबपट्ट्यांच्या फोटोंवरून मजकूर वाचणारी प्रणाली तयार करत आहोत. फोटो मॉडेलच्या एपीआयला कसा द्यावा, याबाबत सल्ला हवा आहे.

फोटो आमच्या खासगी स्टोरेजमध्ये असतात. त्यांची १५ मिनिटांत मुदत संपणारी लिंक दिली की विनंती छोटी राहते. मात्र तो फोटो मॉडेल पुरवणाऱ्याचा सर्व्हर स्वतः उतरवून घेतो. त्यामुळे आमच्या ऑफिसच्या नेटवर्कमध्ये व्यवस्थित उघडणारी अंतर्गत लिंक तिकडे उघडतच नाही. शिवाय त्याच पट्टीवर अर्ध्या तासाने पुढचा प्रश्न विचारला, तर आधीचे संदेशही पुन्हा पाठवावे लागत असल्याने मुदत संपलेली लिंक सोबत जाते आणि विनंती फेटाळली जाते.

दुसरा मार्ग असा:

```json
{"type": "image_url",
 "image_url": {"url": "data:image/jpeg;base64,/9j/4AAQ..."}}
```

येथे मुदतीचा प्रश्न नाही. पण दर ३ बाइटची ४ अक्षरे होत असल्याने ३ एमबीचा फोटो ४ एमबीचा होतो आणि प्रत्येक प्रश्नासोबत पुन्हा जातो. जाता जाता, `/9j/` ने सुरू होणारा मजकूर जेपीईजीचा असतो, फाइलच्या नावात `.png` असले तरी.

फोटो लहान करून बेस६४ पाठवणे मला बरे वाटते, परंतु त्यात पेनाने लिहिलेले आकडे पुसट होतात. दर प्रश्नाला नवी लिंक तयार करून जुन्या संदेशांत ती बदलण्याची पद्धत कोणी वापरली आहे का? आणि फोटोची लांब बाजू किती पिक्सेलपर्यंत आणली, तर असे आकडे शाबूत राहतात?