वेबकॅमवरून कटआउट पात्र: हात पुढे केला की गरगर फिरतो, काय करू?

रेघोट्या: मुलांच्या गोष्टींसाठी ब्लेंडरमध्ये आजीचं कटआउट पात्र बांधलंय. दंड, कोपरापुढचा हात, पंजा वेगळे, प्रत्येकाला एक बोन. लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावरून मीडियापाइप सांध्यांचे बिंदू देतं, त्यांच्यातला कोन काढून बोन फिरवते. हात बाजूला हलवला तर मस्त चालतं. पण "ये बाळा" म्हणत हात कॅमेऱ्याकडे नेला की आजीचा हात पंख्यासारखा फिरतो. मोकॅप सूट परवडणार नाही. उपाय सुचवा.

फ्रेमवाला: स्मूदिंग वाढवा. मागच्या 10 फ्रेमच्या कोनांची सरासरी घ्या, थरथर थांबेल.

सांधेजोड: थरथर थांबेल, पण आजी तुमच्यापेक्षा उशिरा हलेल, ते आवाजाबरोबर खटकतं. शिवाय 179 आणि उणे 179 हे कोन अगदी शेजारचे, त्यांची सरासरी मात्र शून्य, म्हणजे हात थेट उलट्या दिशेला!

रेघोट्या, खरं कारण वेगळं आहे. हात कॅमेऱ्याकडे आला की पडद्यावर खांदा आणि कोपर जवळजवळ येतात. समजा बाजूला पसरलेला दंड 120 पिक्सेल दिसतो. तिथे कोपराचा बिंदू 5 पिक्सेल हलला तर कोन दोनेक अंशांनी बदलतो. तोच दंड 15 पिक्सेल उरला की तेवढ्याच हलण्याने 18 अंश. सुरुवातीला हात पसरून उभ्या राहा आणि दंडाची लांबी नोंदवा. ती एक तृतीयांशाखाली गेली की नवा कोन घेऊ नका, आधीचाच धरून ठेवा आणि समोरून दिसणाऱ्या हाताचं वेगळं चित्र लावा. बिंदूसोबत येणाऱ्या visibility च्या आकड्यावर विसंबू नका, कोपर दिसतच असतो, त्यामुळे आकडा चांगलाच येतो.

अजून एक तपासा. बिंदू 0 ते 1 मध्ये येतात, x रुंदीच्या आणि y उंचीच्या हिशोबात. तसेच वापरले तर आडव्या फ्रेममध्ये तिरके कोन चुकतात. डावा दंड असा, 11 खांदा आणि 13 कोपर:

```python
a = atan2((y13-y11)*h, (x13-x11)*w)
```

कोपराचा बोन दंडाला जोडलेला आहे, म्हणून त्याच्या कोनातून दंडाचा कोन वजा करा.

चहापाव: मी टेबलाशी बसून करतो, माझ्या पात्राचे पाय लाथा झाडतात. हेच कारण का?

सांधेजोड: नाही. तुमचे पाय फ्रेममध्येच नाहीत, तरी मॉडेल अंदाजाने बिंदू देतं. तिथे visibility उपयोगी पडते. कमरेखालचं ट्रॅकिंग बंदच करा, पायांच्या कीफ्रेम हाताने लावा.

रेघोट्या: लांबीची अट घातली, गरगर थांबली! पण हात परत बाजूला येताना जुन्या कोनावरून नव्यावर झटका बसतो.

सांधेजोड: चारपाच फ्रेममध्ये जवळच्या बाजूने सरकवत न्या. कोनाला वन युरो फिल्टरही लावून बघा, हात स्थिर असताना तो जास्त गाळतो, वेगात कमी.

फ्रेमवाला: संध्याकाळी एकाच दिव्यात करत असाल तर कॅमेरा 30 वरून 15 फ्रेमवर येतो, तेही बघा.

रेघोट्या: दिवा वाढवते. उभं राहून चालताना आजीची पावलं घसरतात, त्यावर कुणाकडे काही आहे का?

सांधेजोड: टेकलेलं पाऊल आयकेने जागेवर बांधतो मी, पण पाऊल नेमकं कधी टेकलं हे अजून डोळ्यांनीच ठरवावं लागतं.