गोरोगोरो : गडगड, घरंगळ की घुरघुर?

चिमणमावशी : बहीण ओसाकात असते. भाचा तीन वर्षांचा. पाळणाघरातून आलेल्या चित्रांच्या पुस्तकाच्या पानांचे फोटो ती मला पाठवते आणि रविवारी व्हिडिओ कॉलवर मी तेच मराठीत वाचून दाखवते. पुस्तक त्याच्या हातात, मराठी माझ्या तोंडी. जपानी लिपी मी शिकले आहे, अर्थ बहीण सांगते. या वेळी तीन पानांवर एकच शब्द आहे : गोरोगोरो. एका पानावर काळे ढग, दुसऱ्यावर उतारावरून येणारी दोंगुरी, म्हणजे ओकचं फळ, आणि तिसऱ्यावर गादीवर पसरलेलं मांजर. मराठीतही तिन्हींना एकच शब्द सापडेल का?

पागोळी : सापडला की! गोरोगोरो म्हणजे गडगडाट. तिन्हीकडे 'गडगड' ठेवा. ढग गडगडतात, धोंडाही गडगडत खाली येतो.

कानोसा : पहिल्या पानाला 'गडगड' अगदी चपखल. पण मांजर गडगडलं म्हटलं तर ते गादीवरून खाली पडलं असंच मुलाला वाटेल. मांजराचं गोरोगोरो म्हणजे त्याच्या घशातला सुखाचा आवाज. नुसतं लोळत पडण्यालाही जपानीत हाच शब्द. चित्रात मांजराचे डोळे मिटलेले आहेत का, कोणी त्याला कुरवाळतंय का, ते बघा.

दोंगुरीच्या पानाबद्दल मला शंका आहे. फोटो मोठा करा. पहिल्या आणि तिसऱ्या अक्षराच्या उजव्या खांद्यावर दोन बारीक रेघा नसतील, तर तो शब्द 'कोरोकोरो' आहे. जड वस्तू गोरोगोरो येते, हलकी आणि लहान कोरोकोरो. हा फरक मराठीत आहेच : धोंडा गडगडतो, लिंबू घरंगळतं.

सीमेवरची : आमच्याकडे शेजारच्या काकूंच्या कानडी पुस्तकाचे फोटो असतात. ढगांच्या 'गुडुगु'ला मी 'गुडगुड' वाचलं, तर लेक विचारते, "ढगाच्या पोटात दुखतंय?"

कानोसा : बरोबरच आहे तिचं, मराठीत गुडगुडतं ते पोट. जपानीत मात्र पोटही गोरोगोरोच करतं!

चिमणमावशी : फोटोत नेमकी त्या ओळीवर दिव्याची तिरीप पडली होती. बहिणीने पुस्तकात पाहून सांगितलं, रेघा नाहीत. कोरोकोरोच. मांजराचे डोळे मिटलेले आहेत आणि मुलीचा हात त्याच्या गळ्याखाली आहे. मग असं वाचू का?

ढग आले, गड गड, गड गड.
दोंगुरी आली घरंगळत, घरंगळत.
मनीमाऊ करते घुर घुर, घुर घुर.

'दोंगुरी' तशीच ठेवली, कारण ती रोज त्याच्या खिशात असते.

कानोसा : छान. 'घरंगळत' मात्र लांबट आहे, 'कोरोकोरो'सारखं पटकन सुटत नाही. एकदाच म्हणा आणि बोट उतारावरून फिरवा.

पागोळी : दोंगुरीचं पटलं. पण 'घुरघुर' नको, ते आजोबांच्या घोरण्यासारखं वाटतं. आमच्याकडे मांजर गुरगुरतं.

सीमेवरची : गुरगुरतं ते कुत्रं, तेही चावायच्या आधी!

चिमणमावशी : रविवारी दोन्ही म्हणून बघते. तो कोणता आवाज उचलतो ते कळवते.