जुन्या सहकारिणीला मेल, पण भाषा नोटिशीची! किती सैल करावी?

मुख्यलिपिक_नगर
मी एका अनुदानित महाविद्यालयात मुख्य लिपिक आहे. सुनंदाताई आमच्याच संस्थेच्या दुसऱ्या महाविद्यालयात कार्यालय अधीक्षक. आधी वर्षानुवर्षं आमची टेबलं शेजारी होती, त्यांच्या मुलीच्या लग्नात मी पंगतीत वाढलंय. आता आमचा एक शिपाई निवृत्त होतोय आणि त्याच्या सेवापुस्तकात एक सही राहिलीय, तीही तो त्यांच्या कॉलेजात असतानाची. मेल लिहायला बसलो आणि हे उतरलं:

‘आदरणीय महोदया, उपरोक्त विषयान्वये आपणांस कळविण्यात येते की, सदर कर्मचाऱ्याच्या सेवापुस्तकातील दि. १ जुलै २०११ रोजीच्या वेतनवाढीच्या नोंदीवर सक्षम प्राधिकाऱ्याची स्वाक्षरी आढळून येत नाही. तरी सदर नोंद साक्षांकित करून सेवापुस्तक विनाविलंब परत करण्यात यावे, ही नम्र विनंती. कळावे, लोभ असावा. आपला विश्वासू.’

सैल करायला घेतलं की एकदम व्हॉट्सॲप होतं. काय ठेवू, काय काढू?

जुना_दप्तरी
शब्दांना हात लावायच्या आधी क्रियापदं बघा. ‘कळविण्यात येते’, ‘आढळून येत नाही’, ‘परत करण्यात यावे’. तिन्हींत माणूसच नाही. कोण कळवतंय, कोणी तपासलं, परत कोणी करायचं, काही पत्ता नाही. कचेरीच्या पत्रात हे मुद्दाम असतं, कारण तिथे खुर्ची बोलते; उद्या लिपिक बदलला तरी पत्र चाललं पाहिजे. ताईंशी मात्र तुम्ही बोलताय, तुमची खुर्ची नव्हे.

म्हणून नुसते ‘सदर’ आणि ‘उपरोक्त’ काढून भागणार नाही. ‘ते पुस्तक लवकर परत करण्यात यावे’ हे सोपं झालं, पण नोटीस ती नोटीसच. क्रियापदाला माणूस जोडा, बाकीचं जड सामान आपोआप गळतं. मी असं लिहिलं असतं:

‘सुनंदाताई, नमस्कार. आपल्या शिपाईमामांचा पेन्शनचा प्रस्ताव तयार करतोय. सेवापुस्तक तपासताना दिसलं, की १ जुलै २०११ च्या वेतनवाढीच्या नोंदीवर प्राचार्यांची सही राहिलीय. तेव्हा ते तुमच्याकडे होते. पुस्तक उद्या आमच्या माणसाबरोबर पाठवतो. नोंद तुमच्याकडच्या त्या वर्षीच्या पगारपत्रकाशी ताडून बघा आणि सही घेऊन शुक्रवारपर्यंत परत पाठवा.’

बघा, ‘साक्षांकित’ गेलं, पण काम अधिक नेमकं सांगितलं गेलं. तुमच्या मसुद्यात पगारपत्रकाशी ताडायचं कुठे होतं?

नियमाने_चला
माझा साफ विरोध. माहितीच्या अधिकाराच्या कायद्यात ‘माहिती’च्या व्याख्येतच ई-मेल येतो. २००५ पासून कोणीही अर्ज करून हा मेल मागू शकतो. उद्या ‘शिपाईमामा’ आणि ‘ताई’ असलेला कागद कोणाच्या हातात पडला तर शोभा होईल. औपचारिक भाषा हे आपलं चिलखत आहे.

जुना_दप्तरी
ई-मेल व्याख्येत आहे, ते बरोबर. पण ‘महोदया’ लिहिलं म्हणून मेल वाचतो आणि ‘ताई’ लिहिलं म्हणून अडकतो, असं त्या कायद्यात काही नाही. मागणारा बघणार कोणती नोंद, कोणत्या तारखेची, सही का राहिली, कोणी घेतली. ‘शिपाईमामा’वर मात्र तुमचं ऐकतो. तिथे कर्मचाऱ्याचं पूर्ण नाव आणि सेवापुस्तकाचा पान क्रमांक घाला. ते आपुलकीआड येत नाही.

हिंजवडी_पार्क
आमच्याकडे हेच. नवीन आलेली मुलं ‘रिस्पेक्टेड मॅडम, काइंडली डू द नीडफुल’ लिहितात. मी सांगून ठेवलंय, सरळ ‘हाय’ आणि पहिलं नाव. तुम्हीही इंग्रजीत ‘हाय सुनंदा’ लिहा, प्रश्नच मिटला.

मुख्यलिपिक_नगर
अहो, मेल मराठीतच जातो. आणि ताई माझ्यापेक्षा वयाने मोठ्या आहेत, ‘हाय सुनंदा’ लिहिलं तर फोन येईल आणि तो कामाचा नसेल.

निवृत्त_शिक्षिका
दप्तरींनी ‘कळावे, लोभ असावा’ पण उडवलं, ते मला पटलं नाही. इथे दोन वेगवेगळी जुनी वळणं एकाच पोत्यात भरली जातायत. ‘विषयान्वये’, ‘विनाविलंब’, ‘सक्षम प्राधिकारी’ हे सरकारी फायलीतलं. ‘स.न.वि.वि.’, ‘लोभ असावा’ हे घरच्या पत्रातलं. ‘सप्रेम नमस्कार विनंती विशेष’ आपण कोणाला लिहायचो? बरोबरीच्या, ओळखीच्या माणसाला. त्यात सप्रेम आहे हो! ताईंच्या वयाच्या बाईंना ते परकं वाटणार नाही, उलट बरं वाटेल.

मसुद्यातली खरी गंमत शेवटच्या ओळीत आहे. ‘लोभ असावा’ आणि लगेच ‘आपला विश्वासू’. पहिलं स्नेह्याचं, दुसरं अर्जाच्या तळाचं. ‘विश्वासू’ काढा, नुसतं नाव घाला, ‘लोभ असावा’ राहू द्या.

जुना_दप्तरी
मान्य. फक्त ‘लोभ असावा’ला वरचा मजकूर साजेसा हवा. ‘विनाविलंब परत करण्यात यावे’च्या खाली ते टोमण्यासारखं वाचलं जातं.

पेन्शन_टेबल
सैल करताना उलट्या बाजूने घसरू नका. आमच्याकडे एका मित्राने दुसऱ्या मित्राला अशाच सहीसाठी लिहिलं, ‘वेळ मिळाला की जरा बघ ना, घाई नाही’. पुस्तक त्याच्या कपाटात पडून राहिलं. त्याचा दोष नाही, घाई नाही असं लिहिलंच होतं. निवृत्तीच्या सहा महिने आधी प्रस्ताव महालेखापालांकडे जायला हवा, आणि त्याआधी वेतन पडताळणीत पुस्तक थांबतं ते वेगळंच. एक सही नसली की त्रुटी काढून सगळं परत. म्हणजे ‘विनाविलंब’ काढलं तर त्या जागी तारीख आलीच पाहिजे. दप्तरींच्या मसुद्यात ‘शुक्रवारपर्यंत’ आहे, तेवढं पुरतं. ‘जमलं तर’, ‘प्लीज’, ‘सॉरी त्रास देतोय’ यांची माळ लावू नका. जवळच्या माणसाला उगाच माफी मागितली की त्यालाच वाटतं, काय बिनसलं?

आणि हो, २०११ चे प्राचार्य आज नसतील. मग आत्ताचे सही करणार, आजच्या तारखेने, पगारपत्रक बघून. मागची तारीख घालायची नाही. मेलमध्ये हे एका वाक्यात लिहा, नाहीतर ताईंना फोन करून विचारावं लागेल.

मुख्यलिपिक_नगर
प्राचार्य बदललेत, बरोबर ओळखलंत. एक सांगायचं राहिलं, मेलची प्रत दोन्ही प्राचार्यांना जाणार आहे.

नियमाने_चला
मी काय सांगत होतो!

जुना_दप्तरी
मग दोन कागद करा. जावक क्रमांकाचं पत्र संस्थेच्या भाषेत, प्राचार्यांच्या सहीने, ते मेलला जोडा. तिथे ‘सदर’ सुखाने नांदू दे. मेलचा मजकूर ताईंसाठी, चार ओळी. प्राचार्यांनी तो वाचला तरी त्यात लपवण्यासारखं काय आहे?

नियमाने_चला
‘ताई’ आहे की. प्राचार्यांसमोर अधीक्षकांना ताई म्हणणं म्हणजे त्यांचं पद खाली आणणं. मीटिंगमध्ये म्हणाल का?

निवृत्त_शिक्षिका
आमच्या शाळेत मुख्याध्यापिकेला सगळे बाई म्हणायचे, अधिकाऱ्यांसमोरसुद्धा. पद कुठे गेलं नाही.

पेन्शन_टेबल
ते संस्थेसंस्थेवर आहे. आमच्याकडे ‘मॅडम’च चालतं, ताई म्हटलं तर लोक बघतात.

मुख्यलिपिक_नगर
तिकडे शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळे त्यांना ताईच म्हणतात, त्यामुळे मेलमध्ये ताई ठेवतोय. जोडपत्रात ‘मा. कार्यालय अधीक्षक’. प्राचार्य बदलल्याचं वाक्य घातलं, पान क्रमांक घातला, ‘विश्वासू’ काढलं. ‘स.न.वि.वि.’ घालायचं धाडस झालं नाही, ‘नमस्कार’च ठेवला.

निवृत्त_शिक्षिका
धाडस कसलं त्यात! पुढच्या मेलला घाला.