अनुभव धागा: रविवारी आठ पाहुणे, मटणाचा बेत आणि वर काहीतरी हलकं गोड

धुळेकरीण
येत्या रविवारी सासरकडचे आठ जण जेवायला येताहेत. मटण, बाजरीची भाकरी, भात, ठेचा, कांदा-लिंबू एवढं ठरलंय. मागच्या खेपेला माझा रस्सा फसला होता. कांदा-खोबरं घाईत भाजलं आणि ताटं मांडल्यावर रस्सा कमी वाटला म्हणून माठातलं दोन तांबे पाणी ओतलं. तर्री गेली, चव कडवट लागली. सासऱ्यांनी दुसऱ्यांदा रस्सा मागितला नाही, ते मनाला लागलंय. शेवटी गोड काय करावं हाही प्रश्न आहे. घरात सगळे मांडे म्हणतात, पण मटणावर पुरण जड होतं. तुमचे अनुभव लिहा.

अमळनेरची काकू
पोरी, कडवटपणा खोबऱ्याचा आहे. सुक्या खोबऱ्याची वाटी जाळावर धरली की कडा लगेच पेटतात. मी ती पेटली की विझवते, कोळसा झालेला भाग सुरीने खरवडते. आतलं खोबरं तपकिरी आणि तेलकट दिसलं म्हणजे झालं. कांद्याला मात्र वेळ द्यायचा. सालासकट मंद जाळावर ठेवायचा आणि बोटाने दाबल्यावर आत मऊ लागला की काढायचा. वरून काळा, आतून कच्चा राहिला तर रस्सा उग्र लागतो.

आठ जणांना 2 किलो मटण घ्यायचं. खांदा आणि मांडी मिसळून, नळ्या मागून घ्यायच्या. आधी हळद, मीठ, आलं-लसूण लावून भरपूर पाण्यात अळणी शिजवते. त्यातलं चार-पाच वाट्या पाणी बाजूला काढते. लहान पोरांना आणि तिखट न चालणाऱ्यांना तेच वाढते, उरलेलं चुलीच्या कडेला गरम ठेवते. मग वाटण आणि काळा मसाला तेलात परतायचा. दोन किलोच्या वाटणाला वीस मिनिटं सहज लागतात. कडेने तेल सुटलं, कच्चा वास गेला, की मटण पाण्यासकट त्यात.

पाहुणे बसल्यावर रस्सा कमी पडला तर ते गरम अळणी पाणी घालायचं आणि दहा मिनिटं मंद उकळू द्यायचं. गार पाण्याने उकळी मोडते, चव पातळ होते. पुन्हा उकळल्याशिवाय तर्री वर येत नाही. तुझं तेच झालं.

जळगावचा भाऊ
रस्सा कडवट झाला तर गूळ घाला, जातो कडवटपणा. मी नेहमी करतो.

अमळनेरची काकू
भाऊ, थोडं कडू असेल तर गुळाने झाकलं जातं. खोबरं जळून कोळसा झालं असेल तर रस्सा गोड आणि कडू दोन्ही लागतो. वाटण वाटण्याआधी खोबऱ्याचा तुकडा चावून बघा. कडू लागला तर टाकून द्या, दुसरं भाजा. ते स्वस्त पडतं.

चोपड्याची सून
माझ्याकडे आठातले तीन जण माळकरी होते, मला ते आदल्या रात्री कळलं. त्यांच्यासाठी वांग्याचं भरीत केलं. पातेली, पळ्या सगळं वेगळं ठेवलं. तुम्हीही आधी विचारून घ्या ना.

धुळेकरीण
ताई, आमच्याकडे सगळे खाणारे आहेत. पण विचारून घेते.

नंदुरबारहून
भाताचं सांगतो. भाकरी आहे म्हणून आठ जणांना तीन वाट्या तांदूळ पुरतो, शेवटी रश्श्यात कालवून खायला. मी एकदा सहा वाट्या लावले आणि अर्धा भात उरला. भाकऱ्यांना मात्र माणूस लागतो. थापायला एक, वाढायला एक. भाकरी गरम ताटात पडली तरच मजा.

भुसावळची आजी
गोडाला दूध नको. मटणावर दूध आमच्या घरात कधी दिलं नाही, म्हणून खीर-शिकरणही नाही. आमची रावेरची केळी घ्या. चकत्या, त्यावर लिंबू, चिमूटभर मीठ, थोडी पिठीसाखर, वेलची. वाढायच्या अर्ध्या तासाआधीच कापायची, लिंबू लगेच पिळायचं, नाहीतर काळी पडतात.

जळगावचा भाऊ
आजी, आम्ही तर रस्सा खाऊन शिकरण खातो, वर्षानुवर्षं. कुणाला काही झालं नाही.

भुसावळची आजी
तुमच्या घरची रीत तुमची, आमच्या घरची आमची.

धुळेकरीण
रविवार झाला. खोबऱ्याच्या दोन वाट्यांपैकी एक पेटून काळी झाली, चावून बघितली आणि टाकली. आठाचे दहा झाले, म्हणून काढून ठेवलेलं सगळं अळणी पाणी कामी आलं. दहा मिनिटं उकळलं आणि लाल तर्री परत वर आली. पहिला तुकडा खाऊन सासरे म्हणाले, "रस्सा वाढ अजून." केळी आजींच्या पद्धतीने केली, पण वाढण्याच्या गडबडीत अर्धी काळवंडली. चव चांगली होती, पोरांनी वाटी चाटली. मीठ मात्र यावेळी कमी पडलं, कारण वाढवलेल्या पाण्याचा हिशोब मी धरला नव्हता. काकू, पाणी वाढवताना मीठ कधी बघायचं, आधी की उकळल्यावर?

अमळनेरची काकू
उकळल्यावर. आणि चमच्याने नाही, भाकरीचा तुकडा बुडवून.