मदत हवी आहे: निविदा मागे घेतली तर ईएमडी जाते का? (नागपूर)

नमस्कार. हुडकेश्वर भागातल्या अंतर्गत रस्त्यांच्या डांबरीकरणाची निविदा मी जानेवारीत भरली. अंदाजपत्रक 60 लाख, ईएमडी 60 हजार. 12 जानेवारीला तांत्रिक लिफाफा उघडला, 29 ला दराचा. 11 टक्के बिलो गेलो होतो, एल वन आलो. कार्यादेश अजून नाही. मधल्या काळात डांबर इतकं चढलं की या दरात घरातून पैसे घालावे लागतील. वैधता 90 दिवसांची आहे. काल कार्यालयाचं पत्र आलं, वैधता 60 दिवस वाढवायला संमती द्या म्हणून. आज 6 एप्रिल. माघारीचं पत्र टाइप करून ठेवलंय. देऊ का?

विदर्भवासी: बिनधास्त द्या. करार कायद्याचं कलम 5 आहे, समोरच्यानं स्वीकारण्याआधी प्रस्ताव कधीही मागे घेता येतो. ईएमडी परत द्यावीच लागते.

जुना ठेकेदार: भाऊ, ते पत्र आज देऊ नका! कलम 5 बरोबर आहे, तुम्हाला काम करायला कुणी भाग पाडू शकत नाही. पण ईएमडी तुम्ही 'वैधतेत माघार घेणार नाही' या अटीवर भरली आहे. राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण विरुद्ध गंगा एंटरप्रायझेस या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं 2003 मध्ये हेच सांगितलं: स्वीकृतीआधी माघार घेतली तरी अटीप्रमाणे जप्ती चालते. आज पत्र दिलं तर 60 हजार गेले समजा.
तुमचा मार्ग त्या मुदतवाढीच्या पत्रातच आहे. 'मुदतवाढीस संमती नाही, वैधता संपल्यावर ईएमडी परत करावी' एवढंच लिहा आणि आवक क्रमांक घ्या. वाढ नाकारणं म्हणजे माघार नव्हे. 'दर वाढवून द्या तर संमती देतो' असं मात्र लिहू नका, तो दरातला बदल धरला जातो आणि त्यावरही जप्ती येते. वैधता संपण्याआधी स्वीकृतीपत्र आलं तर मात्र तुम्ही बांधले गेलात.

गिट्टीखदानकर: माझे तर दोन वर्षांपासून अडकलेत दादा. काम पूर्ण केलं, दोष दायित्व कालावधी संपला, तरी पैसे नाहीत. काय करू?

जुना ठेकेदार: ती सुरक्षा ठेव, ईएमडी नाही. वेगळा धागा काढा, तिथे सांगतो.

धागाकर्ता: जीव भांड्यात पडला. माघारीचं पत्र फाडलं. म्हणजे 12 एप्रिलपर्यंत थांबायचं ना?

जुना ठेकेदार: 90 दिवस कुठून मोजायचे ते निविदेत वाचा. तांत्रिक लिफाफ्यापासून 12 एप्रिल, दराच्या लिफाफ्यापासून 29.

धागाकर्ता: वाचलं. 'निविदा उघडल्याच्या दिनांकापासून' एवढंच आहे, कोणता लिफाफा ते नाही.

जुना ठेकेदार: मग 29 धरून चाला. आपल्या पत्रात तारीख घालू नका, 'वैधता संपल्यावर' एवढंच ठेवा. 12 ते 29 च्या मध्ये स्वीकृतीपत्र आलं तर वाद होईल, तेव्हा वकील लागेल. आणि ते पत्र उद्याच आवकला द्या.