मदत हवी आहे: जुनी गाडी घेतली, पॉलिसी आधीच्या मालकाच्या नावावर, आणि वर माड पडला

कवळ्याचा
नमस्कार. माझ्या भावाने म्हापशातल्या एका गृहस्थांकडून सहा वर्षं जुनी गाडी घेतली. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्या, ३ जुलैला आरसी भावाच्या नावावर आली. पॉलिसी मात्र जुन्या मालकाच्याच नावावर राहिली, ती फेब्रुवारीपर्यंत चालू आहे. १२ तारखेच्या रात्री वादळात अंगणातला माड गाडीवर कोसळला. टप, बॉनेट, पुढची काच, बंपर, सगळं गेलं. रंगकाम सोडून १,२०,००० चं एस्टिमेट आलंय. कंपनीचा माणूस फोनवर म्हणाला, "पॉलिसी तुमच्या नावावर नाही, क्लेम बसणार नाही." हप्ता तर वर्षभराचा भरलेला आहे. मग विमा गाडीचा असतो की माणसाचा? आई म्हणते, जुन्या मालकालाच क्लेम करायला सांगूया. भाऊ रोज वेर्ण्याला कामाला याच गाडीने जातो, म्हणून घाई आहे.

म्हापसेकर
घाबरू नका. मोटार वाहन कायद्याचं कलम १५७ बघा. गाडी विकली की विमा आपोआप नव्या मालकाकडे जातो. कंपनी उगाच टाळतेय.

बागा रोड
माझंही असंच झालं. माझी पांढऱ्या पाटीची गाडी सीझनमध्ये पर्यटकांना भाड्याने देतो. एकाने हणजुण्याला धडकवली आणि कंपनीने क्लेम नाकारला. कलम १५७ मला लागू होईल का?

जुना सर्वेअर
म्हापसेकर, कलम खरं, पण ते अर्धंच लागू होतं. भावाच्या गाडीने रस्त्यावर कुणाला इजा केली असती तर त्या थर्ड पार्टीच्या भरपाईचा विमा आपोआप नव्या मालकाकडे आला असता. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीला ते लागू नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्येच हे स्पष्ट केलं आहे.

कवळेकर, विमा गाडीचा नसतो, गाडी मोडल्यावर ज्याचं नुकसान होतं त्याचा असतो. १२ तारखेला जुन्या मालकाकडे पॉलिसी होती, पण गाडी गेल्याने त्यांचं एका पैशाचंही नुकसान झालं नाही. भावाचं नुकसान झालं, पण कंपनीशी त्याचा करारच नव्हता. म्हणून आईंचा उपाय अजिबात करू नका. क्लेम फॉर्मवर "मी मालक" अशी सही म्हणजे सरळ खोटी माहिती. आरसीवर तारीख आहे, सर्वेअर ती पहिल्यांदा बघतो.

तरी तुमच्यासाठी एक वाट आहे. हस्तांतरणानंतर १४ दिवसांत नव्या मालकाने कंपनीकडे लेखी अर्ज करायचा असतो. ३ तारखेपासून मोजलं तर १७ पर्यंत वेळ आहे. आजच अर्ज द्या, पोच घ्या. त्यात १२ तारखेचं नुकसान स्वतःहून लिहा. ते लपवून पॉलिसी नावावर केली तर पुढे तेवढ्यावरच सगळं रद्द होईल. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस भावाला मिळत नाही, उरलेल्या काळाचा फरक भरावा लागेल.

म्हापसेकर
म्हणजे १४ दिवस फुकट कव्हर असतं ना?

जुना सर्वेअर
तसं नाही. १४ दिवस अर्जासाठी आहेत. त्या मुदतीत अपघात झाला आणि अर्ज नंतर आला, यावर कंपन्या आणि ग्राहक आयोग यांची मतं एकसारखी नाहीत. मी खात्री देणार नाही. उलट आरसी जुन्या नावावरच असती तर चित्र वेगळं असतं. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा प्रकरणात नोंदणीकृत मालकालाच क्लेम दिला होता.

बागा रोड, तुमचा प्रश्न वेगळा आहे. विमा घेताना तुम्ही खाजगी वापर सांगितला आणि गाडी भाड्याने दिली. भाड्याच्या गाडीची जोखीम वेगळी, हप्ता वेगळा. काळी पाटी आणि तसा विमा हवा होता.

कवळ्याचा
आभारी आहे दादा. क्लेम मान्य झालाच तर १,२०,००० पूर्ण मिळतील का? घसारा न कापणारं झिरो डेप कव्हर घेतलेलं नाही.

जुना सर्वेअर
नाही. विमा तुम्हाला माड पडण्याआधीच्या स्थितीत आणतो, नव्या गाडीच्या स्थितीत नाही. गाडी पाच वर्षांवरची, म्हणून पत्र्याच्या भागांवर ४० टक्के घसारा, प्लास्टिकवर ५०, काचेवर शून्य. पत्रा ५०,००० चा असेल तर ३०,००० धरतील. प्लास्टिक २०,००० चं असेल तर १०,०००. काच १२,००० पूर्ण, मजुरी ३८,००० पूर्ण. एकूण ९०,०००, त्यातून छोट्या इंजिनच्या गाडीला सक्तीचे १,००० वजा, म्हणजे ८९,०००. सर्वे होईपर्यंत गाडी दुरुस्त करू नका, माड गाडीवर असतानाचे फोटो जपा.

कवळ्याचा
अर्ज दिला, पोच मिळाली, नुकसान लिहिलं आहे. आता नकार आला तर?

जुना सर्वेअर
नकार लेखी मागा. आधी कंपनीच्या तक्रार विभागात द्या. ३० दिवसांत उत्तर नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपालाकडे जाता येतं, फी लागत नाही. पत्र आलं की कारणाचे शब्द इथे टाका, त्यावरून ठरवू.